फोनवर ५जी दिसतंय, पण मिळतंय का?

नवा फोन घेतला, वरच्या कोपऱ्यात ५जी उमटलं, आणि दोन दिवसांनी प्रश्न पडला की यात वेगळं काय आहे? व्हॉट्सअ‍ॅप तसंच चालतं, यूट्यूब तसंच चालतं, उलट बॅटरी जरा लवकर उतरते. ही तक्रार खोटी नाही. फरक आहे, पण तो सगळीकडे आणि सगळ्या कामांत सारखा दिसत नाही. तो आपल्या घरात, आपल्या वाटेवर नेमका कुठे दिसतो हे शोधायची रीत इथे देतो आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तेव्हापासून ही तपासणी सामान्य फोनवर, कुठलंही यंत्र विकत न घेता करता येते.

आधी फरक कशात आहे तो समजून घ्या

मोबाइलचं नेटवर्क हवेतल्या ठरावीक लहरींवर चालतं, आणि एका वेळी लहरींचा किती रुंद पट्टा वापरायला मिळतो यावर बराचसा वेग ठरतो. ४जीमध्ये एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. असे दोन-तीन पट्टे जोडता येतात, पण मूळ मर्यादा तीच. ५जीसाठी आपल्याकडे मुख्यतः ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा भाग वापरला जातो आणि त्यात एकच पट्टा १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो. फोनच्या भाषेत या भागाचं नाव `n78`. जाहिरातीत दिसणारा वेग बहुतेक इथूनच येतो.

आता याची दुसरी बाजू. लहरी जितक्या वरच्या, तितक्या त्या भिंतीला लवकर थकतात. ४जी ८५०, १८००, २३०० अशा खालच्या भागांतही चालतं, म्हणून ते आतल्या खोलीत, जिन्यात, पार्किंगमध्ये बऱ्यापैकी पोचतं. `n78` मात्र दोन काँक्रीटच्या भिंती ओलांडेपर्यंत बरंच दुबळं होतं. यावर उपाय म्हणून जिओने ७०० मेगाहर्ट्झचा भागही घेतला आहे, फोनच्या भाषेत `n28`. तो लांब जातो, भिंती पार करतो, पण तिथे हातात पट्टा फक्त १० मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे त्याच्यावर ५जी असूनही वेग चांगल्या ४जीएवढाच. कोपऱ्यातलं चिन्ह मात्र दोन्हीकडे सारखंच. एकाच घरात बाल्कनीत ४०० आणि बेडरूममध्ये ४० एमबीपीएस येतात, ते बहुधा यामुळे.

पायरी १: फोन आणि सिम

फोनच्या डब्यावर "५जी" लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे बँड, म्हणजे तो फोन लहरींचे कोणते भाग पकडतो ते, बघा. `n78` हवाच, जिओ वापरत असाल तर `n28` सुद्धा हवा. शिवाय `SA` असं लिहिलेलं असावं. जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे, त्याला ४जीचा टेकू लागत नाही, त्यामुळे `SA` नसलेल्या फोनला ते दिसतच नाही. एअरटेलने सुरुवात ४जीच्या टेकूवर, म्हणजे `NSA` पद्धतीने केली. २०२०-२१ च्या सुमारास घेतलेले, किंवा आता वापरलेले म्हणून स्वस्तात मिळणारे फोन याच ठिकाणी अडतात. सॉफ्टवेअर जुनं असेल तर तेही अपडेट करा. आयफोनना आपल्याकडे ५जी मिळालं तेच मुळी डिसेंबर २०२२ मध्ये, आयओएस १६.२ आल्यावर.

सिम बदलायची गरज नाही. जिओ आणि एअरटेलचं ४जी सिम ५जीवर चालतं. तेव्हा "तुमचं सिम ५जी करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोरच समजा आणि ठेवून द्या.

पायरी २: सेटिंग

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये नेटवर्क, मग सिम, मग `Preferred network type`, तिथे ५जी निवडा. सॅमसंगमध्ये `Connections`, `Mobile networks`, `Network mode` असा रस्ता आहे. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पर्यायांत `Voice & Data` उघडलं की `5G On`, `5G Auto` आणि `LTE`, म्हणजे ४जी, असे तीन पर्याय दिसतात. `5G Auto` ठेवावं. फायदा नसेल तिथे फोन आपणहून ४जीवर जातो आणि बॅटरी वाचवतो. दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर लावलाय तेही एकदा बघा. ५जीचं सिम बाजूला आणि डेटा दुसऱ्याच सिमवर, असं फार घरांत सापडतं.

पायरी ३: चिन्हावर विसंबू नका, आकडा बघा

टेकूवरच्या ५जीमध्ये एक गंमत आहे. तुम्ही ज्या ४जी टॉवरवर आहात तो "माझ्याजवळ ५जी उपलब्ध आहे" असा निरोप सगळ्या फोनना देत असतो, आणि बरेच फोन तो निरोप मिळाला की लगेच ५जीचं चिन्ह दाखवतात. प्रत्यक्षात फोन त्या क्षणी ४जीवरच असतो. डेटा सुरू झाल्यावर ५जी जोडलं गेलं तर ठीक, नाही गेलं तर चिन्ह ५जीचं आणि वेग ४जीचा.

खरं काय ते बघायला अँड्रॉइडच्या डायलरवर हे टाइप करा:

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या पानावर फोनच्या माहितीत जा. `Data network type` पुढे `NR` दिसलं तर तुम्ही स्वतंत्र ५जीवर आहात. `LTE` दिसलं तर खाली `NR State (NSA)` शोधा. तिथे `CONNECTED` असेल तर टेकूवरचं ५जी खरोखर जोडलेलं आहे, `NOT_RESTRICTED` असेल तर परवानगी आहे पण जोडणी नाही. हे बघताना मागे एखादा व्हिडिओ चालू ठेवा, कारण फोन निवांत असेल तर जोडणी सुटलेलीच दिसेल. सॅमसंगवर यासाठी `*#0011#` आणि आयफोनवर `*3001#12345#*` आहे. काही कंपन्यांनी ही दारं बंद केली आहेत. तिथे नेटमॉन्स्टरसारखं ॲप घ्यावं, त्यात बँडचं नावही स्वच्छ दिसतं.

याच पानावर नेटवर्कचा प्रकार निवडायची यादी असते आणि तिच्यात `NR only` असा पर्याय असतो. तो करून बघायचा मोह होतो. ज्या स्वतंत्र ५जी नेटवर्कवर कॉलसाठी अजून ४जी लागतं तिथे हा पर्याय निवडला की इंटरनेट झकास चालतं आणि येणारे कॉल लागेनासे होतात. करून पाहिलात तर परत जुनं लावून मगच पान बंद करा.

दुसरा आकडा सिग्नलचा, `dBm` मध्ये. तो उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११० च्या खाली रडकथा सुरू. दर १० ने आकडा घसरला की हाती पडणारी ताकद दहाव्या हिश्श्यावर येते. कांड्यांपेक्षा हा आकडा खूपच प्रामाणिक, कारण किती ताकदीला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

पायरी ४: आपल्याच घरात तीन जागा मोजा

उदाहरणासाठी डोंबिवलीतला चौथ्या मजल्यावरचा एक वन बीएचके घेऊ. टॉवर रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर आहे आणि बाल्कनी त्या बाजूला आहे. संध्याकाळी नऊच्या सुमारास, सगळी इमारत मोबाइलवर असताना, मोजायला घ्यायचं.

बाल्कनीत बँड `n78`, सिग्नल उणे ८२. डाउनलोड ३८० एमबीपीएस, अपलोड ४०. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात बँड तोच, सिग्नल उणे ९९, डाउनलोड १५०, अपलोड १२. आता दोन भिंतींपलीकडची बेडरूम. इथे `n78` उणे १०७ वर आलंय, म्हणजे बाल्कनीच्या तुलनेत ताकद सुमारे तीनशेव्या हिश्श्यावर. जिओ असेल तर फोन इथे `n28` वर उतरलेला दिसेल, वेग ३०-४०, पण स्थिर. टेकूवरचं ५जी असेल तर फोन ५जी धरतो, सोडतो, परत धरतो. एका मिनिटात चिन्ह दोनदा बदलतं आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो.

त्याच बेडरूममध्ये सेटिंगमधून फक्त ४जी लावून परत मोजा. समजा डाउनलोड १८, अपलोड ५ आलं आणि कॉल तुटला नाही. तर निष्कर्ष सरळ आहे. जिओवाल्याने ५जी तसंच ठेवावं, टेकूवरच्या ५जीवाल्याने बेडरूममधून ऑफिसचा कॉल घ्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं ४जी लावावं. आणि लॅपटॉपला नेट द्यायचं असेल तर दोघांनीही फोन बाल्कनीच्या दारापाशी ठेवून हॉटस्पॉट सुरू करावा. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचं अंतर वायफाय निभावतं. फोन उशाशी घेऊन हॉटस्पॉट लावणं म्हणजे ३८० चं नेट ३५ वर आणून वापरणं.

मोजताना एक खबरदारी. वेगाची चाचणी स्वतःच डेटा खाते. १० सेकंदांची चाचणी ३०० एमबीपीएसवर चालली तर एकट्या डाउनलोडला ३७५ एमबी जातात. २० एमबीपीएसच्या ४जीवर तीच चाचणी २५ एमबीत होते. तुमच्या प्लॅनमध्ये ५जीचा डेटा मोजला जात असेल तर दिवसाचा कोटा चाचण्यांतच संपायचा.

पायरी ५: कोणत्या कामात काय जाणवतं ते ओळखा

दीड जीबीचा सिनेमा उतरवायचा आहे. जीबीचे बिट करायला आठने गुणायचं, म्हणजे १२,००० मेगाबिट. २० च्या ४जीवर याला १० मिनिटं लागतात, ३०० च्या ५जीवर ४० सेकंद. इथे फरक डोळ्यांत भरतो. ॲप अपडेट, गेमच्या मोठ्या फाइली, गुगल ड्राइव्हवरून फोटो उतरवणं, सगळं याच जातीचं काम.

व्हिडिओ बघताना मात्र फरक जवळजवळ नसतो. फोनच्या पडद्यावर पूर्ण एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतं. नेट २० चं असो की ३०० चं, व्हिडिओ तेवढंच घेणार. मेसेज, यूपीआय, बातम्या यांचंही तेच. यूपीआयचं चाक फिरत राहिलं तर दोष बहुतेक वेळा बँकेच्या सर्व्हरकडे असतो, तुमच्या नेटवर्ककडे नाही. "५जी असूनही पैसे जात नाहीत" ही तक्रार म्हणूनच चुकीच्या दारावर जाते.

माझ्या मते ५जीचा खरा उपयोग वेगात नाही, गर्दीत आहे. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर किंवा विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ४जीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असतात आणि साधा फोटो जात नाही. सिग्नल भरपूर असतो, पण त्या टॉवरचा पट्टा हजारो फोन वाटून घेत असतात. कांड्या टॉवरचा आवाज किती मोठा आहे ते सांगतात, रांग किती लांब आहे ते नाही. ५जीमध्ये पट्टा रुंद असतोच, वर त्या टॉवरच्या पेटीत ३२ किंवा ६४ अँटेना असतात आणि त्या सगळीकडे सारखं पसरण्याऐवजी ज्या दिशेला फोन आहेत तिकडे लहरी वळवतात. एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांच्या फोनना तोच पट्टा पुन्हा वापरता येतो. शिवाय गर्दीतल्या सगळ्यांकडे ५जी फोन नसतो, हाही तूर्त आपला फायदाच. अशा जागी ४जी आणि ५जी आलटून पालटून लावून बघा. एरवी न जाणवणारा फरक इथे लख्ख कळतो.

अपलोड हे ५जीचं दुबळं अंग. टॉवर शेकडो वॅटच्या घरात बोलतो, तुमचा फोन एका वॅटपेक्षाही कमी ताकदीने. त्यामुळे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला पोचत नाही, अशी स्थिती लांबच्या खोल्यांत येते. त्यात `n78` वर जाणं आणि येणं एकाच पट्ट्यावर आळीपाळीने चालतं आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून आतल्या खोलीत डाउनलोड १०० पण अपलोड २ असा विचित्र आकडा येतो. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला समोरचा स्वच्छ दिसतो आणि तो म्हणतो, "अरे, तू अडकलायस." हे ऐकलंत की खिडकीकडे सरका किंवा ४जी लावा.

प्रतिसादाचा वेळ, म्हणजे चाचणीतला पिंग, ४जीवर साधारण ३० ते ६० मिलिसेकंद असतो, ५जीवर २० च्या आसपास उतरू शकतो. जाहिरातीतली एक मिलिसेकंद ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला हा फरक कळेल, बाकीच्यांना नाही.

कॉलचा आवाज ५जीमुळे सुधारतो असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी कॉल अजून ४जीवरूनच जातो. अशा ठिकाणी स्वतंत्र ५जीवर असताना कॉल आला की फोन ४जीवर उतरतो, कोपऱ्यातलं चिन्ह बदलतं आणि कॉल संपल्यावर थोड्या वेळात परत ५जी येतं. हा बिघाड नाही. कॉल चालू असताना कुणाला हॉटस्पॉट दिला असेल तर त्याचं नेट मंदावेल, एवढंच.

पायरी ६: डेटाचा हिशोब

जुलै २०२४ च्या दरवाढीच्या वेळी जिओ आणि एअरटेलने अमर्यादित ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून जास्त डेटा देणाऱ्या प्लॅनपुरतं ठेवलं. प्लॅन सतत बदलतात, तेव्हा रिचार्जआधी त्यातली ५जीची ओळ वाचा. महत्त्वाचं हे की अमर्यादित असतं ते फक्त ५जीवर वापरलेलं. फोन ४जीवर उतरला की रोजचा कोटा झिजायला लागतो, आणि उतरल्याचं फोन तुम्हाला सांगत नाही.

कल्याणहून सीएसएमटीला लोकलने जाणारा माणूस व्हिडिओ लावून बसतो. वाटेत खाडी आहे, डब्यातली गर्दी आहे, आणि फोन अनेकदा ४जीवर जातो. ५जीवर असताना ॲपने आपणहून उंच दर्जाचा व्हिडिओ निवडलेला असतो, तोच ४जीवरही चालू राहतो. ऑफिसला पोचेपर्यंत २ जीबीतला बराच भाग गेलेला असतो. दुपारी कोटा संपतो आणि ४जीचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. ५जी मात्र चालूच असतं. मग संध्याकाळी घरी असं दिसतं की बाल्कनीत नेट धावतंय आणि बेडरूममध्ये मेसेजसुद्धा जात नाही. लोक फोन बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातात. आधी कंपनीच्या ॲपमध्ये आजचा शिल्लक डेटा बघा. शून्य असेल तर तेच कारण. यावर उपाय म्हणून व्हिडिओ ॲपमध्ये मोबाइल डेटावरचा दर्जा ४८० किंवा ७२० वर बांधून ठेवावा. सहा इंची पडद्यावर, हलत्या गाडीत, त्याहून जास्त दिसतही नाही.

पायरी ७: ४जी कधी लावून ठेवायचं

बॅटरी ५जीमुळे उतरते, पण सगळीकडे सारखी नाही. चांगल्या सिग्नलमध्ये ५जी काम पटकन उरकून फोनला विश्रांती देतं, तिथे फरक थोडाच पडतो. खरी झीज कडेला होते. टेकूवरच्या ५जीमध्ये फोनला ४जी आणि ५जी दोन्ही एकदम सांभाळावी लागतात, आणि सिग्नल उणे ११० च्या पलीकडे गेला की फोन पूर्ण ताकदीने ओरडत राहतो. फोन खिशात नुसता असताना गरम लागला तर हेच चाललेलं असतं.

म्हणून एसटीने घाटातून जाताना, गावाकडे जिथे ५जी मधूनच येतं तिथे, किंवा रात्री बेडरूममध्ये चार्जरविना फोन ठेवायचा असेल तेव्हा ४जी लावा. आयफोनवर `LTE`, अँड्रॉइडवर यादीतला `LTE` असलेला पर्याय. चुकून २जी किंवा ३जीच्याच पर्यायावर बोट पडू देऊ नका. जिओचं २जी-३जी नाहीच, तिथे फोन सरळ नेटवर्कबाहेर जाईल. आणि शहरात परतल्यावर सेटिंग पुन्हा ५जीवर आणा, कारण ते आपणहून परत येत नाही, आणि अमर्यादित ५जीचे पैसे भरूनही महिनाभर ४जीचा कोटा झिजत राहतो.